कडाप्पा, पाव इंच आणि भिंतीत गाडायची बॉडी: कोथरूडमधल्या एका बाथरूमचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधली चार मजली जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात निवृत्त काका आणि काकू, दोघंच. बेडरूमला लागून असलेलं बाथरूम साधारण चार बाय सात फुटांचं. तीस वर्षांपूर्वीच्या लाद्या, उघडे जीआय पाइप, गळणारा नळ. लाद्या आणि प्लास्टर काढून विटेपर्यंत जायचं आणि सगळं नव्याने करायचं, असं काम माझ्याकडे आलं. प्लंबर आणि लादीचा मिस्त्री माझे नेहमीचे. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत, मापं मात्र त्या वेळच्या वहीतली आहेत.

काकांची एकच मागणी होती. भिंतीवर नळांचा पसारा नको. कॉन्सील्ड डायव्हर्टर हवा, म्हणजे एकच दांडा, त्यातूनच वरचा शॉवर आणि खालचा बादलीचा नळ, म्हणजे स्पाउट. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, हा मिक्सर दोन भागांत विकत मिळतो. पितळी बॉडी भिंतीत गाडली जाते. त्यावरची चकचकीत प्लेट आणि दांडा, म्हणजे ट्रिम, लादी लागल्यावर शेवटी बसते. बॉडी ठरताना आणि बसताना लादी अजून दुकानातच असते. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

प्रत्येक बॉडीवर प्लास्टिकचं टोपण असतं आणि त्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. तयार लादीचं तोंड या दोन खुणांच्या मध्ये आलं पाहिजे. ते मॅक्सच्या पुढे गेलं, तर बॉडी फार आत राहते. दांड्याची पकड नीट बसत नाही, प्लेटचे स्क्रू पुरत नाहीत, प्लेटमागचं रबर दाबलं जात नाही. तोंड मिनच्याही मागे राहिलं, तर बॉडी बाहेर डोकावते, प्लेट लादीला टेकतच नाही आणि कडेने फट दिसते. या दोन चुका सारख्या नाहीत. आत गेलेल्या बॉडीला काही कंपन्यांचा एक्स्टेन्शन किट मिळतो, सगळ्यांचा नाही. बाहेर आलेल्या बॉडीला मात्र लादी फोडण्यावाचून उपाय नाही. म्हणून अंदाज चुकणारच असेल तर तो आतल्या बाजूला चुकावा, असं मी प्लंबरला नेहमी सांगतो.

अडचण

काकांनी उत्साहाने बॉडी आधीच आणून ठेवली होती. जास्त प्रवाहाची, जड, चांगली वस्तू. डब्यातल्या कागदावर मागच्या टेकूपासून लादीच्या तोंडापर्यंतचं अंतर दिलं होतं, किमान ७५ आणि कमाल ९५ मिमी. भिंत होती चार इंची. लाद्या आणि प्लास्टर काढल्यावर वीट मोजली, तर भरली १०० मिमी. पलीकडे बेडरूम.

चार इंची भिंतीत किती खोल खोदायचं याबाबत माझा हात आखडता असतो. एक तृतीयांशाच्या पुढे, म्हणजे इथे साधारण ३३ मिमीच्या पुढे, मी जात नाही. त्याहून खोल गेलं की हातोडीच्या ठोक्याने वीट पलीकडे सुटते. बेडरूमच्या प्लास्टरला तडा पडतो आणि पुढे ओल आली तर ती आधी तिथेच दिसते.

म्हणून प्रश्न साधा होता. विटेच्या तोंडापासून लादीच्या तोंडापर्यंत किती जाडी चढणार? ती जाडी बॉडीच्या खोलीतून वजा केली की विटेत किती खोदायचं ते मिळतं. काकूंनी तोवर ९ मिमी जाडीची मोठी व्हिट्रिफाइड लादी पसंत केली होती आणि ती सिमेंट-वाळूच्या मालाने नव्हे, तर अॅडहेसिव्हने लावायची ठरली होती.

प्लंबरने हाताची दोन बोटं धरून सांगितलं, "साहेब, अर्धा इंच प्लास्टर, माल आणि लादी मिळून एक इंच. दीड इंच धरा." म्हणजे ३७ मिमीच्या आसपास.

मी छतापासून ओळंबा सोडला. भिंत सरळ नव्हती. वरचा भाग बाथरूमच्या आत झुकलेला, खालचा मागे गेलेला. प्लास्टर ओळंब्यात आणायचं तर वर १२ मिमी आणि तळाशी २६ मिमी चढवावं लागणार होतं. मिस्त्रीकडून वर आणि खाली ठिय्ये, म्हणजे प्लास्टरच्या जाडीच्या खुणा, देऊन घेतले आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणली. बॉडीचा मध्य तयार जमिनीपासून १०५० मिमीवर येणार होता. तिथे दोरीपासून विटेपर्यंत मोजलं तर २० मिमी भरले. भिंतीच्या सरासरी प्लास्टरचा इथे काही उपयोग नाही. बॉडी ज्या उंचीवर बसणार, त्या उंचीवरचं प्लास्टर मोजायचं. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मिळून २ मिमी, अॅडहेसिव्ह ५ आणि लादी ९. बेरीज ३६.

प्लंबर म्हणाला होता ३७. माझ्या मोजणीत आले ३६. तो हसला, आणि त्याचं हसणं रास्तच होतं. पण त्याची बेरीज जुळली ती दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्यामुळे. प्लास्टर त्याने ८ मिमी कमी धरलं होतं, माल आणि लादी मिळून साधारण ११ मिमी जास्त. त्या दिवशी हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटलं नाही. पुढे लादी बदलली तेव्हा कळलं, की त्या दीड इंचात कुठला थर किती हे ज्याला माहीत नाही, त्याला एक थर बदलल्यावर नवी बेरीज करताच येत नाही.

आता काकांच्या बॉडीचं गणित. कमीत कमी ७५ घेतले तरी ७५ वजा ३६, म्हणजे विटेत ३९ मिमी खोदावं लागणार. आणि हे मिनच्या अगदी काठावर. मधोमध, ८५ वर बसवायची तर ४९ मिमी, म्हणजे जवळपास अर्धी वीट.

कुठले पर्याय पाहिले

पहिला पर्याय, तीच बॉडी ठेवून खोल खोदणं. तो मी लगेच बाजूला ठेवला.

दुसरा, भिंत पुढे आणणं. शॉवरच्या भिंतीला आतून दोन इंचांची खोटी भिंत किंवा जाड प्लास्टर. मोठ्या बाथरूममध्ये मी हे आनंदाने करतो, कारण शाम्पू ठेवायला वर आयता कट्टा मिळतो आणि मूळ विटेला हातही लावावा लागत नाही. पण इथे रुंदी चार फूट. काकांचा एक गुडघा वाकत नाही, ते स्टुलावर बसून आंघोळ करतात. तिथून दोन इंच काढून घेणं मला पटेना. काकांनाही ते नको होतं.

तिसरा, कमी खोलीची बॉडी. विक्रेत्याकडे त्याच कंपनीची लहान बॉडी होती, किमान ५० आणि कमाल ७० मिमी. मधोमध ६० धरले तर ६० वजा ३६, विटेत फक्त २४ मिमी. माझ्या ३३ च्या आत, आणि दोन्ही बाजूंना १० मिमीची सवड.

या तिसऱ्या पर्यायात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ट्रिम बदलावी लागणार होती. मोठ्या बॉडीची प्लेट आणि दांडा लहान बॉडीला बसत नाहीत, कंपनी एक असली तरी. दुसरी अडचण प्रवाहाची. दुसरा मजला, गच्चीवर टाकी, पंप नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपासून सात-आठ मीटर वर असेल, म्हणजे दाब एक बारलाही पोचत नाही. एवढ्या कमी दाबावर बॉडीतली वाट अरुंद असली तर फरक जाणवतो. मी काकांना स्पष्ट सांगितलं, की मोठ्या बॉडीइतकं पाणी येणार नाही, आणि बारा इंची रेन शॉवरऐवजी आठ इंची घ्यावा लागेल. काकांनी दोन दिवस विचार केला. "बेडरूमच्या भिंतीला ओल येण्यापेक्षा पाणी थोडं कमी आलेलं चालेल," असं म्हणून त्यांनी बदलायला होकार दिला. बॉडी वापरलेली नव्हती, विक्रेत्याने बॉडी आणि ट्रिम दोन्ही बदलून दिली.

काय केलं, आणि मध्येच काय बदललं

विटेत २४ मिमी खोदून बॉडी बसवली. गरम पाणी डावीकडे, गार उजवीकडे, अर्धा इंची सीपीव्हीसी, पितळी अॅडॅप्टर. पाणसळ आडवी आणि उभी दोन्हीकडून लावून पाहिली. बॉडी जराशी तिरकी बसली, तर खोली बरोबर असूनही प्लेट एका कडेने उचललेली राहते. स्पाउट आणि शॉवरची तोंडंही प्लंबरने त्याच ९ मिमी लादीच्या हिशेबाने काढली. प्लास्टर अजून व्हायचं होतं.

त्या रविवारी काका-काकू कोंढव्याकडे दगड बघायला गेले. सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला.

काकूंचं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथल्या न्हाणीघराची काळी, कायम ओलसर दिसणारी दगडी भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि दुकानात त्यांना काळा कडाप्पा दिसला होता. लेदर फिनिशचा. "बाकी तिन्ही भिंतींना तुमची ती लादी लावा. पण शॉवरची भिंत मला अशीच हवी," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, खूप वर्षांनी एखादी वस्तू सापडल्याचा आनंद होता. मी नाही म्हणू शकलो नाही. पण हो म्हणण्याआधी दुकानात जाऊन दगड मोजतो, असं सांगितलं.

कॅलिपर घेऊन गेलो. दोन बाय एक फुटाचे सहा तुकडे मोजले. सर्वांत पातळ १७, सर्वांत जाड १९ मिमी. दोन्ही बाजूंनी मशिनवर काढलेलेच तुकडे द्यायचे, असं दुकानदाराकडून कबूल करून घेतलं. नाहीतर कडाप्प्याची मागची बाजू उंचसखल निघते आणि अॅडहेसिव्हऐवजी मालच लावावा लागतो.

इथे थांबून हे नीट समजून घ्यायला हवं. दगडाची जाडी तुकड्यागणिक बदलते, पण तयार भिंतीचं तोंड सपाटच ठेवायचं असतं. त्यामुळे दगड आणि त्यामागचं अॅडहेसिव्ह यांची बेरीज सगळीकडे सारखी ठेवावी लागते. सर्वांत जाड तुकड्यामागे ५ मिमी अॅडहेसिव्ह धरलं की १९ आणि ५ मिळून २४. मग १७ च्या तुकड्यामागे आपोआप ७ येतं. म्हणून दगडाची सरासरी जाडी काढायची नाही. सर्वांत जाड तुकडा घ्यायचा, त्यामागे कमीत कमी किती अॅडहेसिव्ह लागेल ते धरायचं, आणि ती बेरीज सगळ्या भिंतीला लावायची.

नवा हिशेब असा झाला. प्लास्टर २०, वॉटरप्रूफिंग २, दगड आणि अॅडहेसिव्ह २४. एकूण ४६. आधीच्या ३६ पेक्षा १० जास्त. बॉडी विटेत २४ आत बसलेली होती, म्हणजे तोंड येणार २४ अधिक ४६, बरोबर ७० वर. म्हणजे मॅक्सच्या रेषेवर. एक मिमी इकडेतिकडे झालं की बाहेर. आणि मिस्त्रीने अॅडहेसिव्हऐवजी १५ मिमी माल लावला असता, तर हाच आकडा ८० वर गेला असता.

प्लास्टर झालेलं नव्हतं हे आमचं नशीब. बॉडी पुढे आणता येत होती. पण किती पुढे, यावर प्लंबरची आणि माझी बरीच चर्चा झाली. त्याचं म्हणणं, बॉडी पुन्हा मधोमध, ६० वर आणा, म्हणजे १० मिमी पुढे. दिसायला ते सरळ होतं. मी पाइपकडे बघत होतो. बॉडीच्या मागच्या टेकूपासून पाइपचा मध्य २० मिमीवर आणि पितळी अॅडॅप्टरची जाडी ३२, म्हणजे अॅडॅप्टरची पुढची कड टेकूपासून ३६ वर. बॉडी विटेत फक्त १४ आत ठेवली, तर अॅडॅप्टर विटेच्या २२ मिमी बाहेर येतो. तिथे प्लास्टर आहे २०. म्हणजे अॅडॅप्टर प्लास्टरच्याही बाहेर डोकावणार. तिथे वॉटरप्रूफिंग नीट बसत नाही आणि दगडाला मागून टेकू मिळत नाही.

म्हणून मधली जागा निवडली. बॉडी फक्त ४ मिमी पुढे, म्हणजे विटेत २० आत. अॅडॅप्टर विटेच्या १६ बाहेर, त्यावर ४ मिमी प्लास्टर. दगडाचं तोंड २० अधिक ४६, ६६ वर. मॅक्सपर्यंत फक्त ४ मिमी शिल्लक. ही सवड मला कमीच वाटत होती. पण अॅडॅप्टर उघडा पडण्यापेक्षा मी ती पत्करली, कारण दगडाचं तोंड राखणं अजून माझ्या हातात होतं. एकदा उघडा राहिलेला अॅडॅप्टर मात्र दगडामागे कायमचा गेला असता.

विक्रेत्याला फोन करून या बॉडीचा एक्स्टेन्शन किट मिळतो का तेही विचारलं. या मॉडेलला नाही, असं उत्तर आलं. म्हणजे ७० च्या पुढे गेलो तर सुटका नव्हती.

बॉडी पुढे घेऊन पक्की केली. हातपंपाने पाइपला दाब देऊन रात्रभर ठेवला, काटा हलला नाही. प्लास्टर झालं, पाणी मारलं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात टोपणाच्या कडेपर्यंत नेले. प्लास्टर झाल्यावर बॉडीचा मागचा टेकू दिसत नाही, त्यामुळे मोजायला एकच जागा उरते, ती म्हणजे टोपण. मी टोपणावर मॅक्सच्या खुणेपासून ४ मिमी आत मार्करने लाल रेघ मारली. ही ६६ ची रेघ. मिस्त्रीला दाखवून सांगितलं, "दगडाचं तोंड या रेघेवर. माल नाही, फक्त अॅडहेसिव्ह."

दगडाचा एकेक तुकडा नऊ-साडेनऊ किलोचा. मिस्त्रीचा हात मुरलेला, पण तो मालावर मुरलेला. मालात जड दगड ठोकून जागेवर आणता येतो. अॅडहेसिव्हमध्ये दातेरी पट्टीने थर ओढून, दगड दाबून बसवावा लागतो. मी दुसऱ्या एका कामावर गेलो आणि दुपारी परत आलो तेव्हा खालच्या दोन रांगा लागलेल्या होत्या. बॉडी चौथ्या रांगेत येणार होती, त्यामुळे अजून कुणालाच काही खटकलं नव्हतं. मी चार फुटी अॅल्युमिनियमची पट्टी लागलेल्या दगडांवर उभी धरली आणि तिचं वरचं टोक टोपणापर्यंत नेलं. पट्टी लाल रेघेवर आली नाही. मॅक्सच्याही २ मिमी पुढे आली. म्हणजे तोंड ७२ वर.

झालं होतं ते असं. बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात दगडाची कड जरा पुढे असली की तिथे लादी नीट बेतता येते, म्हणून मिस्त्रीने दोरी वॉटरप्रूफिंगपासून २४ ऐवजी ३० वर बांधली होती आणि मागची जागा अॅडहेसिव्हचा जाड थर देऊन भरली होती. कोपऱ्याच्या दृष्टीने त्याचं काम सुबक होतं. लाल रेघ त्याला आठवत होती, पण ती चौथ्या रांगेत पाहायची आहे असं त्याने धरलं होतं. ही चूक माझी. रेघ टोपणावर मारली, तेव्हाच दोरी कुठे बांधायची तेही मीच भिंतीवर लिहून द्यायला हवं होतं.

तेव्हा दोन वाटा होत्या. लागलेलं तसंच ठेवून तिसऱ्या रांगेपासून हळूहळू आत यायचं, म्हणजे सहा मिमी दोन रांगांत मुरवायचे. अंधारात कुणाला कळलं नसतं, पण काळ्या दगडावर शॉवरच्या दिव्याचा प्रकाश तिरका पडतो आणि प्रत्येक पायरी दिसते. दुसरी वाट, दोन्ही रांगा काढायच्या. अॅडहेसिव्ह अजून धरलेलं नव्हतं. मिस्त्रीने काही न बोलता पत्र्याच्या पट्टीने दगड उचलले, मागचा थर खरवडला आणि दोरी २४ वर घेतली. चार तुकडे होते, एक मोडला. संध्याकाळपर्यंत दोन्ही रांगा परत लागल्या. यावेळी पट्टी लाल रेघेवर आली.

चौथ्या रांगेत टोपणाभोवती दगड गोल कापून घेतला. भोक टोपणापेक्षा थोडंच मोठं ठेवलं, कारण प्लेट बसायला दगडाची कड शिल्लक लागते. टोपण शेवटपर्यंत काढलं नाही. ग्राउट झाल्यावर ते दगडाच्या तोंडाला बरोबर कापलं.

निष्पत्ती

ट्रिम बसवायच्या दिवशी आधी मोजलं. तोंड ६७ वर आलं होतं. एक मिमी कुठे वाढला ते सांगता येणार नाही, चार मिमीच्या सवडीत तो सामावला. प्लेट चहूबाजूंनी दगडाला टेकली, दांडा मोकळा फिरला, स्क्रू पूर्ण पकडले. प्लेटच्या मागे वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन दिलं, खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली. कधी आत पाणी गेलंच, तर ते तिथून बाहेर येऊन दिसतं, भिंतीत साठत नाही.

काकांची शंका होती प्रवाहाची. त्यांनी स्वतः १५ लिटरची बादली स्पाउटखाली ठेवून घड्याळ लावलं. एक मिनिट वीस सेकंदात भरली, म्हणजे मिनिटाला ११ लिटरच्या जवळपास. त्यांना ते पुरेसं वाटलं. वरचा शॉवर जोरदार नाही, पण पाणी सगळ्या भोकांतून सारखं येतं.

मात्र स्पाउटचं तोंड चुकलं. बॉडीची खोली बदलली तेव्हा आम्ही सगळे त्या एका टोपणाभोवती बोलत होतो. खाली ६५० मिमीवरचं स्पाउटचं तोंड ९ मिमी लादीच्या हिशेबानेच राहिलं. दगड लागल्यावर ते दगडाच्या तोंडापासून १० मिमी आत गेलं. स्पाउटचे आटे धरेनात. पितळी एक्स्टेन्शन निपल लावून ते बाहेर आणलं आणि स्पाउटच्या फ्लँजने भोक झाकलं. दिसत काही नाही. पण दगडामागे आट्यांचा आणखी एक जोड आला, जो नसता तर बरं झालं असतं. शॉवरच्या वरच्या आर्मला तोच फरक होता, पण आर्मचे आटे लांब असल्याने तो सहज बसला.

सहा महिन्यांनी दारावरून जाताना डोकावलो. बेडरूमच्या बाजूने भिंत कोरडी होती. कडाप्प्यावर खालच्या भागात पांढरट डाग धरू लागले होते, उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं पाणी आलं होतं त्याचे. काकू त्यावर सीलर मारून घेणार होत्या. भिंतीला हात लावत त्या म्हणाल्या, "अगदी आमच्या न्हाणीसारखी गार लागते."

वेगळं काय करता आलं असतं

बॉडी भिंत मोजल्यावर घ्यायची, आधी नाही. काकांची घाई मी थांबवू शकलो नाही, कारण तोवर काम माझ्याकडे यायचं होतं. पण आता पहिल्याच भेटीत विचारतो, भिंत किती जाड, आणि बॉडी घेतली आहे का. चार इंची भिंत आणि पातळ लादी असेल तर खोल बॉडीचं नाव काढू देत नाही. सहा इंची ब्लॉकची भिंत असेल तर हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. काँक्रीटची भिंत असेल तर खोदण्याचा विषयच संपतो, तिथे सुरुवातच भिंत पुढे आणण्यापासून करावी लागते.

बॉडी बसवण्याआधी लादी ठरलेली हवी होती. नुसती पसंत नाही, तर खोक्यातला एक तुकडा साइटवर हातात हवा. काकूंचं मन बदललं हा त्यांचा दोष नाही. कॅटलॉगमध्ये बघून पसंत केलेली लादी आणि हातात धरलेला दगड यांत फरक पडतोच. तो फरक प्लंबर येण्याआधी पडावा, एवढं मी जमवू शकलो असतो.

आणि स्पाउट. त्याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण दगडाचा आकडा बदलला तेव्हा वही माझ्याच हातात होती. मी बॉडीची ओळ खोडून नवी लिहिली. त्याच पानावर खाली स्पाउट आणि शॉवरच्या ओळी होत्या, त्या तशाच राहिल्या.

याच फ्लॅटचं दुसरं बाथरूम आम्ही दिवाळीनंतर घेतलं. तिथे विटेवर प्लास्टर चढायच्या आधी मार्करने भिंतीवरच लिहिलं, मिस्त्री आणि प्लंबर दोघांच्या डोळ्यांसमोर: प्लास्टर १५, वॉटरप्रूफिंग २, अॅडहेसिव्ह ५, लादी ८, दोरी प्लास्टरपासून १५ वर. त्याच्याखाली डायव्हर्टर, स्पाउट आणि शॉवर अशी तीन नावं, आणि प्रत्येकापुढे त्या उंचीवर विटेपासून किती बाहेर यायचं तो आकडा. काकू आत येऊन ते वाचत उभ्या राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे आता मी लादी बदलायची नाही ना?" मी म्हटलं, "बदला काकू, पण उद्या सकाळी प्लंबर यायच्या आत." त्यांनी बदलली नाही.